माझ्याकडून काही अपडेट नाही

गेलं वर्षभर दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मी कानाला हेडफोन लावून बसतो आणि पाऊण तासानं माझं नाव पुकारलं गेलं की म्हणतो, "नो अपडेट्स फ्रॉम माय साइड." पलीकडून "थँक यू" येतं. आभार कशाचे ते मी कधी विचारलं नाही.

या मीटिंगमध्ये मी शिरलो तेव्हा खरंच कामाचा होतो. अमेरिकेतल्या एका क्लायंटचा बिलिंगचा सगळा डेटा जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता आणि ती हमाली माझ्याकडे होती. कुठला जुना कोड नव्या कोणत्या कोडला जातो, त्याची लांबलचक शीट माझ्या नावावर. तेव्हा मी अर्धा तास एकटा बोलायचो. मग मायग्रेशन संपलं, आकडे जुळले, क्लायंटनं सही केली, आम्ही केक कापला. फक्त ज्यानं ही मीटिंग कॅलेंडरवर टाकली त्यानं 'शेवटची तारीख' हा रकाना रिकामा सोडला होता. रकाना रिकामा असला की कॅलेंडर काही विचारत नाही, येईल त्या मंगळवारी घंटा वाजवत राहतं.

तर सरळ सांगून बाहेर पडावं. पण हे पंगतीत मध्येच पानावरून उठण्यासारखं आहे. पोट भरलंय हे खरं कारण कुणाला पटत नाही. वाढणारा विचारतो भाजी आवडली नाही का, आणि शेजारचा मनाशी ठरवतो की याचं यजमानांशी काहीतरी बिनसलंय. ऑफिसात 'बिनसलंय'ला 'डिसएंगेज्ड' म्हणतात. तो शिक्का एकदा बसला की मार्चमधल्या अप्रेझलपर्यंत सुकत नाही.

हा भित्रेपणा एकट्या माझा नाही, एवढा दिलासा आहे. स्टीव्हन रोगेलबर्ग नावाचे अमेरिकेतले एक प्राध्यापक मीटिंग याच विषयाचा अभ्यास करतात. (त्यांच्या विभागाच्या मीटिंगा कशा होत असतील, हा विचार मला अधूनमधून छळतो.) २०२२ साली त्यांनी नोकरदारांची पाहणी केली. १०० पैकी ३१ मीटिंगा नाकाराव्याशा वाटतात, असं लोकांनी सांगितलं. प्रत्यक्षात नाकारतात १४. उरलेल्या १७ मीटिंगांमध्ये आपल्यासारखे बसलेले असतात, माइक बंद करून, शेंगा सोलत. इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये टेस्लाच्या कर्मचाऱ्यांना लिहिलं होतं की आपला उपयोग नाही हे दिसताच मीटिंगमधून उठून जा, त्यात उद्धटपणा नाही. टेस्लात जमत असेल. आमच्याकडे मी असा उठलो तर संध्याकाळपर्यंत एचआरमधून फोन येईल, "घरी सगळं ठीक आहे ना?"

आमच्याकडची प्रचलित पद्धत म्हणजे वेळेचं कारण देणं. माझ्या शेजारच्या टीममधल्या एकानं ते करून पाहिलं. "मला सातला जमत नाही" असं त्यानं अदबीनं कळवलं, आणि त्यांच्या मीटिंगच्या आयोजिकेनं त्याहून अदबीनं सगळ्यांची मीटिंग साडेसहाला आणली. आता तो तिथे बसतोच, शिवाय साडेसहाच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतून कॉल घेणारे बाकीचे त्याला मनातल्या मनात काय म्हणतात ते वेगळं. 'काम फार आहे' हे कारण त्याहून वाईट. त्यातून मॅनेजरला एवढंच कळतं की याला काम झेपत नाही. न सांगता गैरहजर राहणं सोपं, पण मग तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी भर मीटिंगमध्ये विचारतं, "अरे, तो हल्ली दिसत नाही?" आणि आपल्या पाठीमागे आपला विषय निघतो. म्हणजे कारण आपल्या घड्याळाचं नको, मीटिंगच्या अजेंड्याचं हवं. तिथे बोलले जाणारे विषय आता आपले नाहीत, एवढंच, आणि तेही दाखवता आलं पाहिजे.

म्हणून मी आधी मागच्या तिमाहीतले सगळे मिनिट्स उघडले आणि त्यात माझं नाव शोधलं. हजेरीच्या यादीत मी प्रत्येक वेळी होतो. चर्चेत मात्र जवळजवळ कुठेच नाही. एकदा सुट्टीवरून परत आल्याबद्दल माझं स्वागत झालं होतं आणि एकदा एका जुन्या कोडबद्दल मला प्रश्न विचारला होता. स्वागतासाठी दर आठवड्याला थांबण्यात अर्थ नव्हता. प्रश्न मात्र खरा होता, कारण ती शीट अजूनही फक्त मलाच वाचता येत होती. ज्या दोऱ्यानं मी खुर्चीला बांधलेला होतो तो हाच. मी शीटमध्ये प्रत्येक अवघड कोडसमोर एकेक ओळ खुलासा लिहिला, सपोर्ट टीममधल्या मुलीला बसवून समजावली आणि तिनं दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याशिवाय दिली तेव्हाच पुढची पायरी चढलो.

पुढची पायरी म्हणजे मॅनेजर. आयोजिकेकडे आधी जाऊन चालत नाही. मीटिंगमधली आपली खुर्ची आपली नसते, टीमची असते, आणि ती रिकामी झाल्याचं मॅनेजरला दुसऱ्याकडून कळलं तर गोष्ट भलतीकडे जाते. मॅनेजर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मग आपल्या टीममधून कोण असणार?" मी म्हणालो, सपोर्टची मुलगी आहेच की. "ते ठीक आहे रे, पण क्लायंटला वाटायला नको की आपण लक्ष काढून घेतलं." मी मिनिट्समधल्या त्या दोन नोंदी दाखवल्या. स्वागताची नोंद त्यानं दोनदा वाचली. मग म्हणाला, "बघ बाबा. पण नीट सांग."

नीट सांगण्याला मुहूर्तही लागतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आणि त्यांची सकाळी साडेनऊची मीटिंग आपल्याकडे सातऐवजी आठला येते. त्या आठवड्यात कुणी सुटका मागितली की कारण कुणाला सांगावं लागत नाही. जेवणाची वेळ सगळ्यांनाच कळते. म्हणजे पुन्हा घड्याळाचंच कारण. म्हणून मी त्याआधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तिमाही नुकतीच संपलेली असताना विचारायचं ठरवलं. भर मीटिंगमध्ये नाही, क्लायंटसमोर नाही, सगळ्यांना सीसी ठेवून तर नाहीच. फक्त आयोजिकेला, चॅटवर.

पहिला मसुदा मी बायकोला दाखवला. त्यात 'या प्रवासात खूप काही शिकायला मिळालं' आणि 'सर्वांचा ऋणी आहे' असं होतं. तिनं चष्मा वर करून विचारलं, "नोकरी सोडतोयस? मला आधी सांगायचंस." मग सगळं ऋण काढून टाकलं. उरलं ते असं:

"मायग्रेशन संपल्यापासून मंगळवारच्या मीटिंगमध्ये माझा विषय येत नाही. पुढच्या महिन्यापासून मला ऑप्शनल केलंस तर चालेल का? मिनिट्स मी वाचत राहीन. जुन्या कोडचे प्रश्न सपोर्टकडे सोपवले आहेत. तिथे अडलं तर मला टॅग कर, त्याच दिवशी उत्तर देतो. तो विषय अजेंड्यावर असेल त्या दिवशी मी येईनच."

'काढून टाक' म्हणण्यापेक्षा 'ऑप्शनल कर' म्हणणं बरं, कारण त्यात समोरच्याला काहीच तोडावं लागत नाही. नाव यादीत राहतं, निमंत्रण येत राहतं, फक्त कुणी वाट पाहत नाही. मात्र 'त्याच दिवशी उत्तर देतो' हे लिहायचं असेल तर खरंच द्यावं लागतं. लक्ष आहे की नाही हे हजेरीपेक्षा त्यावरूनच कळतं.

तिचं उत्तर लगेच आलं. "अरे, तुला ऑप्शनल करायला मला काहीच अडचण नाही. पण मला करताच येत नाही."

मग सगळा इतिहास कळला. ही मीटिंग मुळात ज्यानं टाकली तो प्रोजेक्ट मॅनेजर नोकरी सोडून गेला होता. कॅलेंडरवरची नोंद त्याच्या नावाची. यादी बदलायचा, वेळ बदलायचा, मीटिंग रद्द करायचा अधिकार त्याचाच, आणि त्याचं खातं आयटीनं केव्हाच बंद केलेलं. खातं बंद करण्याआधी आयटीला त्याच्या पुढच्या सगळ्या मीटिंगा एका फटक्यात रद्द करता आल्या असत्या, पण जाणाऱ्याकडून लॅपटॉप, चार्जर आणि ओळखपत्र घेतात, मंगळवार कोण परत मागतो? म्हणजे वर्षभर घंटा वाजवत होता तो गेलेला माणूस, आणि ही बिचारी दर मंगळवारी सातला पाच कमी असताना ग्रुपवर नवी लिंक टाकत होती. मी प्रयोग म्हणून जुन्या नोंदीवर 'डिक्लाइन' दाबून पाहिलं. माझा नकार त्याच्या बंद पत्त्यावर गेला आणि 'पोचला नाही' असा शेरा घेऊन माझ्याकडेच परत आला.

उपाय एकच होता: तिनं आपल्या नावानं नवी मीटिंग टाकायची आणि जुनी प्रत्येकानं आपापल्या कॅलेंडरवरून पुसायची. पण नवी टाकायची तर यादी कोऱ्या पाटीपासून करायची, आणि इथे गंमत झाली. जुन्या यादीत असण्याला कारण लागत नव्हतं. नव्या यादीत येण्याला लागत होतं. तिनं एकेकाला फोन केला. टेस्टिंगवाला म्हणाला, "मी येतो कारण मला वाटलं तुम्हाला लागतो." आर्किटेक्टला कुणीतरी एकदा निमंत्रण फॉरवर्ड केलं होतं आणि तो सभ्यपणे येत राहिला होता. सिक्युरिटीवाल्याला ही दुसऱ्याच प्रोजेक्टची मीटिंग वाटत होती. वर्षभर विषय ओळखीचे का वाटत नाहीत याचं कोडं त्याला तेव्हा सुटलं. ज्यांच्याशिवाय खरंच अडेल असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. आमच्यापैकी बाकीचे सगळे ऑप्शनलमध्ये गेले आणि तिनं शेवटच्या तारखेच्या रकान्यात ३१ डिसेंबर लिहिलं.

मॅनेजरला भीती होती ती क्लायंटची. नवं निमंत्रण गेल्यावर क्लायंटच्या बाईंचं उत्तर सगळ्यांच्या आधी आलं: छान, पंधरा दिवसांतून एकदा केलं तर चालेल का? आणि त्यांच्याकडच्या आणखी दोघांना ऑप्शनल करता येईल का?

आमच्या मॅनेजरनं हे सगळं तिमाही आढाव्याच्या स्लाइडवर 'टीमचा पुढाकार' म्हणून घातलंय. ती स्लाइड नीट करायला त्यानं मला एका छोट्या मीटिंगला बोलावलं. "एकदाच," म्हणाला. मी होकार देण्याआधी निमंत्रण उघडून पाहिलं. दर गुरुवारी, सहा वाजता, शेवटची तारीख नाही.