चष्म्याचा नंबर आणि अर्धा मार्क

मी कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत ऑपरेटर आहे. काल कपड्यांची ऑर्डर सांभाळणाऱ्या एका मर्चंडायझरने मला चष्म्याचा नंबर विचारला. काळजीपोटी नव्हे. त्यांचं गडद निळं सुती कापड कोरड्या रबिंगमध्ये, म्हणजे पांढऱ्या चिंधीने घासून तिला रंग लागतो का ते पाहण्यात, पाचपैकी ४ मार्कांवर पास झालं, पण ओल्या चिंधीने ३ हवे असताना २-३ वर, म्हणजे अडीचवर अडकलं, म्हणून.

"सर, तुम्ही जरा जोरात घासलंत."

अहो, मी घासतच नाही! घासतं ते क्रॉकमीटर. त्याच्या बोटाचा भार ९ न्यूटन, ठरलेला. मी फक्त दांडा फिरवतो, दहा सेकंदांत दहा फेऱ्या. माझा राग त्या बोटापर्यंत पोचत नाही, हेच तर दुःख आहे.

"मग चिंधी फार ओली केलीत."

आता चिंधीचं सांगतो. पाच सेंटिमीटरचा पांढरा चौकोन, कोरडा ०.२८ ग्रॅम. भिजवून, पिळून, पुन्हा काट्यावर ठेवला तेव्हा ०.५६. म्हणजे कापडाच्या वजनाइतकंच पाणी, आणि नियम तेवढंच मागतो. "थोडं जास्त पिळा ना," म्हणे. पिळतो की! कमी ओल्या चिंधीवर रंग कमी येईल, मार्कही वाढेल. फक्त पुढे तो शर्ट घालणाऱ्याला घामही मोजूनमापून गाळायला सांगा.

"हा रंग नाही, तंतू चिकटलेत."

इथे मात्र गृहस्थांचा मुद्दा खरा होता. सुटे तंतू काढूनच मार्क द्यायचा असतो. मी चिमट्याने एकेक वेचला. खालचा निळा डाग जागच्या जागी. रिअॅक्टिव्ह रंगाचा जो भाग धाग्याशी बांधला गेला नाही, तो रंगाईनंतरच्या गरम धुलाईत निघून जायला हवा. तो तिथे राहिला की कोरड्यात गप्प बसतो आणि पाणी लागताच चालू पडतो. धुलाईत हात आखडता घ्यायचा आणि उरलेला अर्धा मार्क माझ्याकडे मागायचा!

(एवढ्या वेळात मागे कापडावर गोळे येतात का ते पाहणारी पिलिंगची पेटी गडगडत होती. कॉर्कच्या अस्तरात कापड चढवलेल्या चार नळ्या, मिनिटाला ६० फेरे, चार तासांत १४,४०० फेरे. एवढं आपटूनही ती कुणाशी वाद घालत नाही. मला तिचा हेवा वाटतो.)

शेवटी त्यांनी शिपायालाच लाइट बॉक्ससमोर उभं केलं. खाली पांढऱ्या कापडाचे थर, वर डागाळलेली चिंधी, बाजूला डाग किती गडद ते जोखून मार्क द्यायची पट्टी, ग्रे स्केल. "बघ, कितीशी निळी आहे?" त्याने बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, ही धुवायला टाकायची का?"

संध्याकाळी मेल आला: ऑपरेटरच्या दृष्टीबद्दल शंका असल्याने चाचणी दुसऱ्या ऑपरेटरकडून पुन्हा करावी. केली. २-३.

त्याचा चष्मा माझ्यापेक्षा जाड आहे, हे मी अजून कळवलेलं नाही.