शून्यावर बसलेला आर्टिफिशियल आणि माझं अर्धवट वाक्य

प्रतिक्रिया: सर, सिम्प्लेक्सच्या टू-फेज पद्धतीवरच्या लेखात तुम्ही लिहिलंय, ‘फेज वनमध्ये w शून्य झाला की आर्टिफिशियल शून्य किमतीने बेसिसमध्ये राहिला तरी हरकत नाही, पुढे चला.’ मी तसाच पुढे गेलो. खालच्या गणितात तुमच्या पद्धतीने z = 20 येतो आणि बिग-एमने 8. वीस आणणारं उत्तर दुसऱ्या समीकरणात बसतच नाही. आमचे सर म्हणाले, त्या रोमध्ये पिव्होट करून त्याला बाहेर काढ. पण तिथे एकच आकडा आहे, −1, आणि ऋण आकड्यावर पिव्होट करायचा नाही हे तुम्हीच लिहिलंय. नक्की खरं काय?

```
max z = x1 + 5x2 + 2x3
 x1 + x2 +  x3 = 4
2x1 + x2 + 2x3 = 8,   x1, x2, x3 >= 0
```

उत्तर:

खरं उत्तर 8. तुमचे सर बरोबर आहेत, आणि माझी दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. मूळ लेखात दुरुस्ती करतोच, पण वीस कुठून आला हे इथे सविस्तर लिहितो. तुमचं गणित फार नेमकं निवडलेलं आहे.

आधी त्याला एक गोष्ट जोडू, म्हणजे आकडे बोलायला लागतील. समजा, जनावरांच्या खाद्याचं 4 किलो मिश्रण करायचंय. अ, ब, क असे तीन प्रकार आहेत. एका किलोत प्रथिनं अनुक्रमे 2, 1 आणि 2 एकक, आणि मिश्रणात एकूण बरोबर 8 एकक हवीत. किलोमागे नफा 1, 5 आणि 2 रुपये. चार किलोत आठ एकक म्हणजे किलोला सरासरी 2. त्यापेक्षा जास्त प्रथिनांचा प्रकारच नाही, त्यामुळे ब चा एक चिमूटसुद्धा घातला तर भरपाई करणारं कुणी नाही. म्हणजे x2 शून्यच असायला हवा. नफा मात्र सगळ्यात जास्त ब मध्येच आहे. सगळी गोम इथेच आहे.

दोन समीकरणांत a1 आणि a2 हे आर्टिफिशियल घालायचे आणि त्यांची बेरीज w शून्यावर आणायची, हा फेज वन. त्यात x1 आत येतो. रेशो 4/1 आणि 8/2, म्हणजे 4 आणि 4, बरोबरी. वरचा रो निवडला की a1 बाहेर जातो आणि टेबल असं होतं:

```
      x1   x2   x3   a1   a2 | RHS
x1     1    1    1    1    0 |  4
a2     0   -1    0   -2    1 |  0
```

w शून्य झाला, फेज वनची चिन्हंही ठीक आहेत, आणि a2 शून्यावर बसून राहिला. त्याचा रो समीकरणासारखा वाचा. a1 आता शून्य धरायचा आहे, तेव्हा उरतं a2 = x2. खाद्याच्या भाषेत, ब जितके किलो घालाल तितकी एकक प्रथिनं कमी पडतील, आणि ती तूट a2 मध्ये जमा होईल. आत्ता ब शून्य आहे म्हणून तूटही शून्य. a2 शून्य आहे, पण शून्यावर बांधलेला नाही.

फेज टूमध्ये z = 4 + 4x2 + x3, तेव्हा x2 आत येणार. रेशो काढताना आपण फक्त धन आकडे घेतो. a2 च्या रोमध्ये −1 आहे, म्हणून तो रो वगळला जातो. उरतो पहिला रो, रेशो 4. x2 = 4 झाला, आणि a2 = x2 असल्यामुळे a2 सुद्धा चुपचाप 4 झाला. z = 20 − 4x1 − 3x3, सगळी चिन्हं ठीक, सिम्प्लेक्स म्हणतो झालं. चार किलो नुसता ब, प्रथिनं आठच्या जागी चार.

रेशोच्या नियमाने इथे स्वतःचं काम चोख केलं. कुठलाही चल ऋण होऊ द्यायचा नाही, एवढीच त्याची जबाबदारी. a2 ऋण होत नव्हता, वाढत होता. खऱ्या चलाने वाढायला काहीच हरकत नसते. आर्टिफिशियल वाढला म्हणजे मात्र मूळ समीकरण मोडलं, आणि हे त्या नियमाला कुणी सांगितलेलंच नाही.

बिग-एममध्ये हे का घडलं नाही, हेही यातून कळतं. तिथेही शेवटच्या टेबलात a2 बेसिसमध्ये शून्यावरच असतो, पाहा तपासून. पण त्याच्या गळ्यात −M चा दंड शेवटपर्यंत लटकलेला असतो. x2 एकने वाढवला तर a2 एकने वाढतो आणि M चं नुकसान होतं, म्हणून x2 कधी आत येत नाही. टू-फेजमध्ये फेज वन संपला की तो दंड आपण काढून टाकतो. पहारेकरी घरी गेला आणि दार उघडंच राहिलं.

मग माझं ‘हरकत नाही’ इतकी वर्षं खपलं कसं? तीच बरोबरी दुसऱ्या बाजूने सोडवून पाहा. वरच्याऐवजी खालचा रो निवडला तर a2 बाहेर जातो आणि a1 चा रो असा येतो: a1 + ½x2 − ½a2 = 0. आता x2 खाली ½ आहे, धन. इथे w शून्य झाला म्हणून थांबून फेज टूमध्ये गेलात तरी x2 आत येताना a1 च्या रोचा रेशो 0 निघतो, तोच सगळ्यात लहान, आणि a1 आपोआप बाहेर पडतो. म्हणजे आत येणाऱ्या कॉलममध्ये आर्टिफिशियलच्या रोत धन आकडा असेल तर नेहमीचा नियमच त्याला हाकलतो, शून्य असेल तर तो हलत नाही, आणि ऋण असेल तरच तो फुगतो. माझ्या वर्गातल्या उदाहरणांत बहुतेक वेळा पहिले दोन प्रकार आले असणार. बरोबरीत कुठला रो निवडला यावर उत्तर बरोबर की चूक हे ठरत असेल, तर ती पद्धत म्हणायच्या लायकीची नाही. तुमचा राग रास्त आहे.

आता −1 वरच्या पिव्होटबद्दल. ऋण आकड्यावर पिव्होट नको, हा नियम उजव्या बाजूसाठी आहे. रोला ऋण आकड्याने भागलं की त्याची उजवी बाजू ऋण होते, आणि उत्तर हद्दीबाहेर जातं. पण या रोची उजवी बाजू शून्य आहे. शून्याला −1 ने भागा, −7 ने भागा, शून्यच. आणि दुसऱ्या रोमधून या रोचा कितीही पट वजा केला तरी तिथल्या उजव्या बाजूतून शून्यच वजा होतो. म्हणजे या पिव्होटने उत्तराचा बिंदू जागचा हलत नाही. फक्त बेसिसमधल्या खुर्चीवरचं नाव बदलतं. a2 उठतो, x2 शून्य किमतीने बसतो. माझा नियम होता तसा लिहायचा तर ‘उजवी बाजू धन असेल तर’ ही अट हवी होती.

```
      x1   x2   x3 | RHS
x1     1    0    1 |  4
x2     0    1    0 |  0
```

आर्टिफिशियलचे कॉलम आता कायमचे पुसून टाका. नवीन बेसिसप्रमाणे z चा रोही पुन्हा मांडा: z = 4 + x3. हे राहून गेलं तर जुना 4x2 तसाच लोंबकळत राहतो आणि बेसिसमध्ये असलेला चलच पुन्हा आत यायला निघतो. असं दिसलं की चूक इथेच झाली समजा. पुढे x3 आत, x1 बाहेर, x3 = 4, z = 8. प्रथिनं 2 × 4 = 8. x2 शेवटपर्यंत बेसिसमध्ये शून्यावर बसून राहतो, आणि तो खरा चल असल्यामुळे रेशोचा नियम त्याला सांभाळतो.

रोमध्ये शून्य नसलेले दोन-चार आकडे असतील तर खऱ्या चलांच्या कॉलममधला कुठलाही घ्या, चिन्ह बघू नका. आर्टिफिशियलच्या कॉलममधला मात्र घेऊ नका. वरच्या टेबलात a1 खाली −2 आहे. त्यावर पिव्होट केलात तर एक पाहुणा घालवून दुसरा आणला एवढंच होईल.

आणि खऱ्या चलांखाली सगळी शून्यंच निघाली तर? तुमच्याच गणितात ब मध्येही 2 एकक प्रथिनं असती तर a2 चा रो असा आला असता:

```
a2     0    0    0   -2    1 |  0
```

इथे पिव्होटला जागाच नाही, आणि तशी गरजही नाही. आर्टिफिशियलचे आकडे सांगतात की हा रो म्हणजे दुसरं समीकरण वजा पहिल्याची दुप्पट, आणि त्यातून काहीच उरलं नाही. दुसरं समीकरण नवीन काही सांगतच नव्हतं. अख्खा रो कापून टाका. नाही कापला तरी उत्तर चुकत नाही, कारण खऱ्या चलांच्या सगळ्या कॉलममध्ये शून्य असल्याने तो रो कधी हलत नाही, फक्त ओझं. ट्रान्सपोर्टेशनचं संतुलित गणित सिम्प्लेक्सने सोडवाल तेव्हा हे हमखास दिसेल. दोन गोदामं आणि तीन दुकानं असली तर समीकरणं पाच, पण एकूण पुरवठा आणि एकूण मागणी सारखीच असल्यामुळे त्यातलं एक फुकटचं. पाचही समीकरणांत आर्टिफिशियल घातलात तर कितीही प्रयत्न करा, एक चिकटून राहणारच.

प्रोग्रॅममध्ये हे फेज वन आणि फेज टूच्या मध्ये घालायचं. n खऱ्या चलांची संख्या:

```python
drop = []
for i in range(m):
    if basis[i] >= n:
        T[i, -1] = 0.0
        j = np.argmax(np.abs(T[i, :n]))
        if abs(T[i, j]) > 1e-9:
            pivot(T, basis, i, j)
        else:
            drop.append(i)
```

सगळ्यात मोठा आकडा मुद्दाम घेतलाय. कॉम्प्युटरवर शून्य अगदी शून्य नसतो. उजव्या बाजूला 3e-10 उरलंय आणि तुम्ही 1e-8 वर पिव्होट केलात, तर भागाकार 0.03 येतो आणि शून्याचा बघता बघता आकडा होतो. म्हणूनच उजवी बाजूही आधी पुसली आहे. w खरोखर शून्याजवळ आहे हे तपासल्यावरच ती पुसायची, नाहीतर न सुटणारं गणित सुटलं असं वाटेल. 1e-9 ही मर्यादा लहान, एकसारख्या मापाच्या आकड्यांसाठी आहे. एका समीकरणात लाख आणि दुसऱ्यात पैसे असतील तर आधी मापं जुळवा. `drop` मधले रो लूप संपल्यावर कापा. मध्येच कापलेत तर पुढच्या रोंचे नंबर सरकतात.

आर्टिफिशियलला आत ठेवूनही पुढे जाता येतं. त्याची वरची मर्यादा शून्य धरायची, म्हणजे रेशो काढताना ‘हा वाढूही नये’ अशी अट लागते. तुमच्या गणितात मग −1 च्या रोचा रेशो 0 येतो आणि a2 लगेच बाहेर पडतो. चलांना वरची मर्यादा असलेला सिम्प्लेक्स ज्याने लिहिलाय त्याला हे सोपं पडतं. वहीत हाताने सोडवणाऱ्याने मात्र आधी पिव्होट करून मोकळं व्हावं.