मुलाला कोणी काय केलं?

मोबाइल भरला म्हणून रविवारी सकाळी मी फुलं, दिवे आणि 'शुभ सकाळ'चे सगळे फोटो एकगठ्ठा उडवले. त्यातच आठवीतल्या लेकीच्या व्याकरणाचा कागदही गेला, हे संध्याकाळी कळलं. बाईंनी वाक्यांची यादी पाठवली होती. पालकांच्या गटावर विचारलं तर तिघांनी अंगठा दाखवला. अंगठ्याला विभक्ती नसते.

"वहीत काहीच नाही उतरवलं?"

"उतरवलं ना. अधोरेखित शब्द तेवढे. वाक्यं फोटोत होती."

वहीत चार शब्द होते : सूर्योदय, शेवभाजी, अमळनेरहून, मुलाला.

सूर्योदयाला वाक्याची गरजच नाही. सूर्य अधिक उदय, अ आणि उ मिळून ओ, स्वरसंधी. फोटो असो नसो, तो उगवतोच. शेवभाजी हा बाईंचा खास खान्देशी शब्द. शेव घालून केलेली भाजी, म्हणजे मधले 'घालून केलेली' हे शब्द गाळलेला मध्यमपदलोपी समास, कांदेपोह्यांचा सख्खा भाऊ. लेकीला शंका आली, "शेव आणि भाजी, असा द्वंद्व का नाही?" म्हटलं, शेव एका ताटलीत आणि भाजी दुसऱ्या ताटलीत आली, तर द्वंद्व. पण तसं कुणी वाढलं तर जेवणाऱ्याचं मालकाशी होईल, तेही द्वंद्वच. ती हसली नाही. गृहपाठाच्या वेळी बापाचे विनोद चालत नाहीत.

अमळनेरहून तर सरळच. ऊन, हून हे पंचमीचे प्रत्यय, दुसऱ्या कुठल्या विभक्तीत ते शिरत नाहीत. आमच्या गावाची पंचमी तिकिटाइतकी पक्की.

राहिला मुलाला.

आता 'ला' द्वितीयेतही आहे आणि चतुर्थीतही. मी चलाखी केली, "अनेकवचन करून बघ." मुलांना. दोन्हीकडे 'ना'च. म्हणजे तक्त्यातले हे दोन कप्पे जुळ्या भावांसारखे, आणि ओळख पटवायची तर शेजारी कोण उभं आहे ते पाहावं लागतं. पोलीस मुलाला शोधतात : शोधण्याची क्रिया थेट मुलावर, तो कर्म, द्वितीया. आई मुलाला खाऊ देते : देण्याचं कर्म खाऊ, मुलगा घेणारा, म्हणून संप्रदान, चतुर्थी. क्रियापद हाती नसेल तर मुलगा हरवलाय की खाऊ खातोय, हे कुणीच सांगू शकत नाही.

"बाबा, खाऊच धरू या. हरवण्यापेक्षा बरं."

"आणि मुलाला ताप आला असेल तर?"

"मग?"

"तीही चतुर्थीच. ताप आला, पण तो ज्याला आला तो मुलगा कर्म नव्हे."

दोनास एक असं बहुमत चतुर्थीकडे झुकलं. व्याकरणात मतदान चालत असतं तर गाइडांची विक्री बसली असती.

वाद ऐकून माझी आई आतून बाहेर आली. "काय धुंडी राह्यना रे?"

तिला अडचण सांगितली. तिनं अहिराणीत करून पाहिलं, "पोऱ्याले माय धुंडस. पोऱ्याले माय भाकर देस." दोन्हीकडे 'ले'. अहिराणीनंही मदत केली नाही, पण निदान पोऱ्याला भाकर मिळाली. आई म्हणाली, "मास्तरीणले फोन कर." रात्री साडेनऊला बाईंना विभक्तीसाठी फोन करण्याची माझी हिंमत नव्हती. ('बाईंना'ची विभक्ती कोणती, ते त्यांनी विचारलं असतं.)

शेवटी लेकीनं दोन्ही उत्तरं लिहिली, मध्ये 'किंवा' घालून. मी म्हटलं, बरोबर केलंस, कारण वाक्याविना दोन्ही शक्य आहेत. तिनं वर टीप टाकली, 'बाबांनी फोटो डिलीट केला.' म्हणजे 'बाबांनी'ची तृतीया, कर्ता मीच, पुरावा कायमचा वहीत.

साडेदहाला गटावर फोटो आला. कुणा पालकाच्या गॅलरीत तो जिवंत होता. आम्ही तिघं त्यावर वाकलो. चौथं वाक्य होतं :

माळी झाडाच्या मुळाला पाणी देतो.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे. "हे ल दिसतंय की ळ?"

"घाईत लिहिलं मी."

पाणी हे कर्म, मुळाला संप्रदान, चतुर्थी. उत्तर तेच, मुलगा मात्र कधी नव्हताच. आजीला वाचून दाखवलं, तशी ती म्हणाली, "मुयाले पाणी देस. आते त्या पोऱ्यानं काय व्हयनं?"