एका ट्यूबच्या मागे तीन दिवस

मे महिना लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच साच्यातले मेसेज येतात. ‘मुलगी अकरावी सायन्सला आहे, मेडिकलची आवड आहे, तुमच्या लॅबमध्ये इंटर्नशिप मिळेल का? सर्टिफिकेट मिळालं तर बरं होईल.’ मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, १९ वर्षं झाली. अशा मेसेजला मी नाही म्हणते. सोळा वर्षांच्या मुलीला मी काम देऊ शकत नाही. रक्ताच्या सॅम्पलला तिने हात लावायचा नाही, पेशंटचा रिपोर्ट वाचायचा नाही. मग इंटर्नशिप कसली? ती येते, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते, मशीनचे फोटो काढायला बघते आणि कंटाळून घरी जाते.

यंदा एका मुलीला मात्र मी हो म्हटलं, कारण तिचा मेसेज वेगळा होता. तिने स्वतः लिहिला होता. ‘मी काळाचौकीला राहते, अकरावीची परीक्षा झाली. माझ्या आजीची उपाशीपोटी साखर एकाच आठवड्यात दोन लॅबमध्ये तपासली. एकीकडे १३८ आली, दुसरीकडे ११८. औषध तेच होतं. असं का होतं ते मला बघायचंय. तीन दिवस, तुम्ही सांगाल त्या वेळी येईन. कशालाही हात लावणार नाही. आईचा नंबर देते.’

घरचे तिला ‘नीट’ची परीक्षा दे म्हणत होते, ती स्वतः गोंधळलेली होती. पण ‘मला कोणतं क्षेत्र आवडेल’ या प्रश्नाशी झटत बसण्यापेक्षा घरात पडलेला एक कागद तिला खटकला आणि ती त्याच्या मागे लागली. क्षेत्र निवडायची याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. डॉक्टर, इंजिनीअर, वकील ही नुसती नावं आहेत. आत काय चालतं, हे खटकलेल्या एखाद्या गोष्टीवरूनच दिसायला लागतं.

विचारायचं कोणाला, यातही ती बरोबर होती. मुलं थेट मोठ्या डॉक्टरांना मेल करतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. जे काम बघायचंय ते रोज हाताने करणाऱ्याला आधी विचारा. ती व्यक्ती हो म्हणाली की वरची परवानगी तीच काढते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे मीच गेले. अटी ठरल्या: आईचं सहीचं पत्र, बंद बूट, केस बांधलेले, फोन लॉकरमध्ये, आणि पेशंटचं नाव कानावर पडलं तरी बाहेर बोलायचं नाही.

वेळ मी दिली दुपारी बारा ते चार. सकाळी सात ते दहा उपाशीपोटीच्या सॅम्पलची झुंबड असते, तेव्हा मला मान वर करायलाही फुरसत नसते. शिवाय तेव्हाच्या गर्दीत पोरीला कशाला लोटायचं.

पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, ‘लॅब बघू नकोस, एक ट्यूब बघ. सुईपासून रिपोर्टपर्यंत तिच्या मागे जा आणि ती जिथे जिथे थांबते तिथे का थांबली ते लिही.’ संध्याकाळी वहीत पाहिलं तर तिने झाकणांचे रंग लिहिले होते. जांभळं झाकण सीबीसीसाठी, त्यात रक्त गोठू न देणारं औषध. पिवळं सीरमसाठी, ती ट्यूब अर्धा तास उभी ठेवतात, रक्त गोठतं, मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतात की वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं होतं. आणि राखाडी साखरेसाठी. राखाडीपुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं: ‘साखरेला वेगळी ट्यूब कशाला?’

तिच्या आजीचं उत्तर तिथेच होतं, पण मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला माझंच रक्त काढायला लावलं. थोडं राखाडी ट्यूबमध्ये, थोडं साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये. दोन्हीतलं थोडं लगेच फिरवून साखर मोजली, दोन्हीकडे १०४. (चहा-बिस्किटं झाली होती.) उरलेलं रक्त न फिरवता तसंच टेबलावर ठेवलं. तीन तासांनी पुन्हा मोजलं. राखाडीत १००, साध्या ट्यूबमध्ये ८८.

ती बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिली. मग तिनेच विचारलं, ‘मॅडम, साखर गेली कुठे?’ मी म्हटलं, खाल्ली. रक्तातल्या पेशी शरीराबाहेर काढल्या तरी जिवंत असतात आणि ट्यूबमध्येही साखर वापरतच राहतात. साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते, उन्हाळ्यात आणखी. राखाडी ट्यूबमधलं फ्लोराइड पेशींचं हे खाणं थांबवतं. मात्र त्याचा परिणाम व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून तिथेही १०४ चे १०० झाले.

तिने आईला फोन करून विचारलं. ११८ वाली तपासणी घरून रक्त नेऊन केलेली होती. माणूस सकाळी आला, पुढे आणखी घरं करत गेला. ट्यूब कोणत्या रंगाची होती ते कुणालाच आठवेना. त्यामुळे आजींच्या बाबतीत हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगितलं नाही. दोन वेगळ्या दिवसांची साखर मुळातच वेगळी असू शकते. पण पुढच्या वेळी घरी रक्त घ्यायला कोणी आलं की ट्यूब कोणती आणि ती किती वाजता लॅबला पोचणार, एवढं विचारायचं हे त्या घरात आता पक्कं झालंय.

तिसऱ्या दिवशी एक सॅम्पल बाद झालं. सेंट्रीफ्यूजमधून काढलेलं सीरम पिवळसर असायला हवं, ते गुलाबी आलं. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या की असं होतं, आणि पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो. मशीन तरीही आकडा छापतं. म्हणून सीरमचा रंग बघावा लागतो. त्यानंतरचा भाग कुणाला माहीत नसतो: पेशंटला फोन करून पुन्हा सुई टोचून घ्यायला बोलवायचं. समोरून एक काका ओरडत होते, मी चूक मान्य करत होते, पुढची वेळ देत होते. दहा मिनिटं गेली.

मुलगी मशीनपेक्षा त्या फोनकडे जास्त लक्ष देऊन होती. निघताना म्हणाली, ‘बंद खोलीत दिवसभर मला नाही जमणार. पण ते काका घाबरले होते ना, म्हणून ओरडत होते. त्यांच्याशी बोलणं मला जमेल.’ तीन दिवसांत एवढं कळलं. यासाठी दोन वर्षांची क्लासची फी भरावी लागली नाही.

पालक विचारतात म्हणून सांगते, सर्टिफिकेट मी तिला दिलं नाही आणि तिने मागितलंही नाही. वही ती घरी घेऊन गेली, आत एकाही पेशंटचं नाव नाही हे मी तपासून.

परवा तिने मला एक मजकूर पाठवला, ‘मॅडम, हा बरोबर आहे का बघा.’ घराजवळच्या एका फिजिओथेरपिस्टला लिहिलेला होता. ‘माझ्या आजीने गुडघ्याचे व्यायाम आठ दिवसांत सोडले. बाकीचे लोक का सोडतात आणि तुम्ही त्यांना परत कसं आणता, ते मला तीन दुपारी बसून ऐकायचंय. पेशंटची हरकत असेल तिथे मी बाहेर थांबेन.’

मी त्यात एकच शब्द बदलला. ‘ऐकायचंय’च्या जागी ‘बघायचंय’ केलं. तिने ते पुन्हा ‘ऐकायचंय’ केलं आणि पाठवून दिलं.