पाठवणारा मी, घेणारा मी

अंबाजोगाईच्या बँकेला मी आजवर जितकी पत्रं लिहिली, तितकी लग्नाआधी बायकोलाही लिहिली नव्हती. बायकोने पहिल्याच पत्राला होकार दिला. बँकेने चौथ्याला दिला.

वडील गेले आणि त्यांचा वाडा ताईच्या आणि माझ्या नावावर निम्मा-निम्मा आला. ताई अंबाजोगाईत, मी न्यू जर्सीत, आणि वाड्यात कबुतरं. शेवटी 2025च्या जानेवारीत तो 64 लाखांना विकला. प्रत्येकी 32. एकाच टेबलावर, एकाच शाईने बोटं निळी करून आम्ही दोघांनी अंगठे दिले. ताईच्या वाट्यातून 1 टक्का कर कापला, म्हणजे 32 हजार. वाडा घेणाऱ्या काकांनी माझ्याही वाट्यातून तेवढाच कापायचं ठरवलं होतं. पण आमच्या सीएने आदल्या रात्री फोनवर त्यांना थांबवलं.

"यांचा 13 टक्के कापायचा. हे अनिवासी आहेत."

"पण वाडा तर इथंच राहायलाय की!" काका म्हणाले. मला आजही त्यांचं म्हणणं पटतं.

साडेबारा टक्के कर आणि त्यावर 4 टक्के सेस मिळून 13 टक्के होतात. कर खरं तर नफ्यावर असतो, पण माझा नफा किती हे काकांनी कसं ठरवायचं? म्हणून त्यांनी सगळ्या 32 लाखांवर कापले, 4 लाख 16 हजार. व्यवहाराआधी प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणता आला असता. पण त्याला वेळ लागतो आणि काकांना घाई होती. शिवाय हा कर भरायला काकांना टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागला. "पॅन झाला, आधार झाला, आता टॅन," ते म्हणाले, "पुढच्या व्यवहाराला बहुतेक जन्मपत्रिका लागंल."

उरलेले 27 लाख 84 हजार माझ्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यात आले. आता ते अमेरिकेत न्यायचे होते. वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत नेता येतात. माझे भरत होते जेमतेम 32 हजार, म्हणजे मर्यादेची मला काळजी नव्हती. मला काळजी पत्राची वाटायला हवी होती.

पहिलं पत्र मी मनापासून लिहिलं. 'स. न. वि. वि.' असं सुरू करून वाड्यातलं आंब्याचं झाड, आईचं तुळशीवृंदावन, सगळं त्यात होतं. तिसऱ्या परिच्छेदात 'पैसे पाठवावेत' असं होतं. आठवड्याने उत्तर आलं, 'विनंतीचा हेतू स्पष्ट होत नाही.'

सीएने मग पत्र कसं असतं ते सांगितलं. खाते क्रमांक, रक्कम, ती कुठून आली (वारसाने मिळालेल्या मिळकतीची विक्री), मिळकत कोणाची होती आणि माझ्याकडे कशी आली, कर किती आणि कोणी भरला, पैसे परदेशातल्या कुठल्या खात्यात जायचे. सोबत मृत्यूचा दाखला, वारस दाखला, खरेदीखत, पॅन, पासपोर्ट, कर भरल्याचं चलन, बँकेचा ए-2 अर्ज, आणि दोन फॉर्म. त्यातला 15सीबी हा सीएचा दाखला होता. रकमेवरचा कर नीट भरलाय असं तो त्यात सांगतो. तो प्राप्तिकराच्या पोर्टलवर चढला की त्याचा पावती क्रमांक घेऊन मी 15सीए, म्हणजे पैसे पाठवणाऱ्याचं निवेदन, भरायचं. त्यातच मला दोन रकाने भेटले. पाठवणाऱ्याचं नाव मी. घेणाऱ्याचं नाव मी. मग दोघांचं नातं काय? मी बराच वेळ विचार करत बसलो. चाळीशीनंतर हा प्रश्न तसा सोपा राहत नाही.

ही फाइल फेब्रुवारीत गेली. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली 40 फुटी पासोडी आमच्याच गावची, तेव्हा लांबीचं मला दडपण नव्हतं. न्यू जर्सीत रात्री साडेअकराला तिकडे सकाळचे दहा वाजतात. त्या वेळी बँकेतल्या मॅडमचा फोन आला.

"सर, सही जुळत नाही."

"कोणाची?"

"तुमची. तुमच्याशी."

खातं मी 1998 साली उघडलं होतं, कॉलेजात असताना. तेव्हाची सही म्हणजे एक प्रकल्प होता. पहिल्या अक्षराला वेटोळं, शेवटी खाली जाणारी लांब शेपटी, तिच्यावर दोन टिंबं. आता मी एक वाकडी रेघ मारतो. मॅडमनी जुन्या सहीचा फोटो पाठवला आणि मी स्वयंपाकघरात बसून स्वतःचीच सही गिरवायला लागलो. शेपटी जमत होती, टिंबं चुकत होती. बायको म्हणाली, "पकडले गेलात तर काय सांगणार?" शेवटी सही बदलल्याचा अर्ज आणि पासपोर्टची साक्षांकित प्रत देऊन सुटलो.

तिसऱ्या पत्राला आडवा आला 16ए. कापलेल्या कराचं हे प्रमाणपत्र वाडा घेणाऱ्याने द्यायचं होतं. बँकेला ते हवं होतं. मी म्हणालो, "चलन दिलंय की." मॅडम म्हणाल्या, "चलनावर पैसे भरल्याचं दिसतं सर. तुमच्या नावावर भरल्याचं 16एवर दिसतं." बोलणं खरं होतं. पण 16ए काही काकांच्या खिशात नसतं. जानेवारी ते मार्चचा करकपातीचा तिमाही हिशेब, 27क्यू, त्यांनी 31 मेपर्यंत भरायचा, आणि प्रमाणपत्र त्यानंतर. काकांनी तो 30 मेला संध्याकाळी भरला. "मुदत 31 असताना आधी कशाला?" असा त्यांचा हिशेब.

16ए जूनमध्ये हातात आलं. मी उत्साहाने फाइल पुन्हा उघडली तर सीएने उसासा टाकला. फेब्रुवारीच्या 15सीबीमध्ये पैसे पाठवण्याची तारीख फेब्रुवारीची आणि डॉलरचा आकडा तेव्हाच्या भावाचा होता. बँकेला ताजा हवा होता. नवा 15सीबी, त्यावरून नवा 15सीए, आणि वर नवी तारीख टाकून चौथं पत्र. यात आंब्याचं झाड नव्हतं. नऊ ओळी होत्या, आणि नवी सही.

आमच्या शाखेने ती फाइल परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेकडे, छत्रपती संभाजीनगरला पाठवली. बारा दिवसांनी मोबाईल वाजला. डॉलर आले होते, मधल्या बँकेने आपला हात मारून.

यात एक गोष्ट राहिली. 2001 सालच्या 1 एप्रिलला माझ्या वाट्याची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाने 6 लाख काढली होती. म्हणजे नफा 26 लाख, आणि त्यावरचा खरा कर 3 लाख 38 हजार. कापलेला होता 4 लाख 16 हजार. विवरणपत्र भरलं आणि जादा गेलेले 78 हजार दसऱ्याच्या सुमारास परत आले, अर्थात एनआरओ खात्यात. सीए म्हणाला, "या वर्षात पाठवलेली एकूण रक्कम 5 लाखांच्या वर गेलीय, पुन्हा 15सीबी लागेल. मग 15सीए. आणि बँकेला एक पत्र..."

मी ताईला फोन केला.

"दिवाळीला यायलास ना?" ती म्हणाली. "मग येताना रिकामी बॅग आण. पत्र-बित्र काही लिहू नकोस."