गोळी बंद केलीत? आता मोजा दिवस!

गर्भनिरोधक गोळी बंद केलीत ना? मग अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी सातच्या ठोक्याला पाळी हजर झालीच पाहिजे. नाही झाली तर लगेच काकूंना फोन लावा. "इतकी वर्षं गोळ्या गिळल्यास, अंगात उष्णता साठलीय," हे निदान सोनोग्राफीशिवाय आणि फुकटात मिळतं.

पाकीट संपल्यावर दोन-चार दिवसांत रक्तस्राव झाला की त्यालाच पाळी म्हणा आणि पेढे वाटा. हार्मोन थांबले म्हणून अस्तर गळलं एवढंच, आणि गोळी चालू असताना दर महिन्याला तेच होत होतं, हे कुणाला सांगत बसू नका. खरी पाळी बहुतेकींना चार ते सहा आठवड्यांनी येते, काहींना तीन महिनेही लागतात.

"पाळी सुरू झाल्याशिवाय दिवस राहत नाहीत," हा सल्लाही डोळे मिटून पाळा. आधी बीज सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पहिल्या पाळीची वाट बघता बघताच दिवस जाऊ शकतात. इतक्यात मूल नको असेल तर निर्धास्त राहायला याहून चांगला काळ नाही. बारशाचं आमंत्रण तेवढं वेळेवर पाठवा.

माझ्या मावसबहिणीने गोळी सोडली, तेव्हा 4 मार्चला तो शेवटचा 'गोळीवाला' रक्तस्राव झाला. मग पाळी आली थेट 14 एप्रिलला, एक्केचाळीस दिवसांनी. पुढची 2 जूनला, एकोणपन्नास दिवसांनी. बिचारी मात्र चौदाव्या दिवसाचा मुहूर्त धरून बसलेली. बीज सुटत होतं चौथ्या-पाचव्या आठवड्यात! घरात गोळीच्या नावाने बोटं मोडून झाली. शेजारच्या वहिनींनाही वर्षभर थांबावं लागलं होतं, असा दाखला निघाला. वहिनींनी गोळी नव्हे, तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतलं होतं आणि त्याचा असर उतरायला खरंच वेळ लागतो. पण एवढ्यातेवढ्यासाठी चांगला पुरावा वाया का घालवायचा?

गोळी सोडलेल्या दहापैकी साधारण आठ जणींना वर्षभरात दिवस राहतात. कधीच गोळी न घेतलेल्यांचंही जवळपास तसंच, आणि गोळी किती वर्षं घेतली याने फरक पडत नाही. हे मात्र काकूंसमोर बोलू नका, त्यांचा बीपी आहे.

तीन महिने पाळीच नाही आली, तर प्रेग्नन्सी टेस्ट करून डॉक्टरकडे जायचं असतं. तिथे थायरॉइड, प्रोलॅक्टिन बघतात, पीसीओडी आहे का तेही तपासतात. तुम्ही आधी पपई संपवा.

बहिणीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी सुरू कशाला केली होतीस?" तेव्हा मावशीने माळ्यावरून जुनी कॅलेंडरं काढली. दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनाने गोल केलेले पाळीचे दिवस, कॉलेजच्या वेळचे. मधले दिवस मोजले, तर त्रेचाळीस, पन्नास, सेहेचाळीस. अनियमित पाळीसाठीच तर गोळी दिलेली!

मावशी म्हणाली, "तरी गोळीनेच झालं असणार."