टेबल फॅन स्लो झाला की मोठा कंडेन्सर टाका म्हणणाऱ्यांसाठी

«टेबल फॅन स्लो झाला म्हणजे कंडेन्सर गेला, मेकॅनिककडे जाऊ नका, २.५ च्या जागी ३.१५ टाका फॅन नव्यापेक्षा जोरात फिरेल. मान फिरत नसेल तर मागच्या डब्यात खोबरेल तेल सोडा. एखादं स्पीडचं बटण बंद पडलं तर मोटर जळाली समजा, दुरुस्तीत पैसे घालवू नका, सरळ नवा घ्या.»

हा मेसेज सध्या फिरतोय. त्याचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते इतकं पसरतं. कंडेन्सर उतरला की फॅन स्लो होतो, हे बरोबरच. पण स्लो झालेला प्रत्येक फॅन कंडेन्सरमुळे स्लो नसतो, आणि हे ओळखायला मीटरसुद्धा लागत नाही. प्लग काढा, मान फिरवायची खुंटी वर ओढा, पुढची जाळी काढा आणि पात्याला बोटाने एक झटका द्या. पातं आरामात चार-पाच फेरे मारून हळूहळू थांबलं तर शाफ्ट मोकळा आहे, मग कंडेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. अर्ध्या फेऱ्यात गप्पकन थांबलं तर शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश कोरडे झालेत किंवा शाफ्टवर काहीतरी गुंडाळलं गेलंय, तिथे तुम्ही दहा कंडेन्सर बदला, काही होणार नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचा सोळा इंची फॅन असाच होता. तीनवर लावला तरी एकसारखा वाटायचा, त्यांच्या मुलाने हाच मेसेज वाचून ३.१५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकलेला, त्यानंतर फॅन चालायचा तसाच पण मागून मोटर हात लावू नये इतकी तापायची. पात्याचं नट काढलं (ते उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं, जोर लावून नेहमीच्या बाजूला फिरवाल तर आटे जातील), पातं ओढलं तर मागे शाफ्टवर केसांचा काळा कडक गोळा, तेल आणि धूळ मिसळून अगदी डांबरासारखा झालेला. चाकूच्या टोकाने तो कापून काढला, शाफ्ट रॉकेलच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू दिला. मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुढच्या बुशभोवतीच्या नमद्यावर, आणि मागचा गिअरचा डबा काढून तितकेच मागच्या बुशलाही. हा नमदाच तेल धरून ठेवतो आणि बुशला थोडं थोडं देत राहतो, म्हणून तेल त्याच्यावर पडायला पाहिजे, नुसतं शाफ्टवर ओतून फायदा नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच, तो आधीचं तेलही धुऊन नेतो, दोन दिवस फॅन पळतो आणि परत जाम.

मोटर उघडली असेल तर अजून एक गंमत होते. लांब स्क्रू परत आवळले की आत्तापर्यंत मोकळा फिरणारा शाफ्ट अचानक जड होतो, आणि लोक म्हणतात बघा मोटरच गेली. काही गेलेली नसते, बुश जरा तिरका बसलेला असतो. स्क्रू थोडे सैल करा, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने मोटरच्या कडेला चारी बाजूंनी हलके ठोके द्या, आणि एकदम एक स्क्रू पूर्ण न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, प्रत्येक वेळी शाफ्ट हाताने फिरवून बघा. काकूंच्या फॅनला हेच केलं, जुना २.५ चा परत लावला, फॅन सरळ झाला. तेल घालूनही जमत नाही तो प्रकार वेगळा, शाफ्ट धरून आडवा हलवला आणि तो खडखड हलला तर बुश झिजलाय, तो बदलावाच लागतो. पुढे-मागे थोडा हलतो तेवढं चालतं.

आता मोठ्या कंडेन्सरचं. आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची आणि साधा टेबल फॅन चार पोलचा, म्हणजे आतलं चुंबकी क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि फॅन त्याच्या थोडा मागेच राहतो. कंडेन्सर कितीही मोठा लावा, ही १५०० ची मर्यादा ओलांडता येत नाही. वाढतो तो कंडेन्सरला जोडलेल्या दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट, त्यातून गुणगुण आणि गरमी, आणि मग खरंच मोटर जळते. पातं मोकळं फिरतंय पण फॅन नुसता हुं करतो आणि फिरवून दिल्यावर चालतो, किंवा मीटरवर २.५ वाला १.६ दाखवतो, तर कंडेन्सर बदला, जुन्यावर जो आकडा छापलाय तोच घ्या आणि व्होल्ट ४४० चेच, कारण त्याच्यावर घरच्या २३० पेक्षा जास्त दाब येतो. हात लावण्याआधी त्याच्या दोन वायरी इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने एकमेकींना टेकवून घ्या. आणि हो, गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा चांगला फॅनसुद्धा रेंगाळतो, सकाळी बघा आणि मग उघडा.

खोबरेल तेलाबद्दल काय बोलणार, थंडीत बाटलीत गोठतं ते तेल फॅनच्या मानेत घालायचं? शिवाय त्या डब्यात तेल नाही, ग्रीस लागतं. पातळ तेल तिथून झिरपून वाइंडिंगवर येतं. आणि मुळात मान थांबते ती बहुतेकदा तेलाअभावी नाही. शाफ्टच्या मागच्या टोकाला तिरके आटे असतात, ते एका प्लॅस्टिकच्या गिअरला फिरवतात, खुंटी दाबली की ती फिरकी खालच्या छोट्या गिअरकडे जाते आणि तिथून दांडीने मान हलते. आता फॅन चालू करून खुंटी दाबा आणि तिच्याकडे नीट बघा. बहुतेक फॅनमध्ये मान फिरताना खुंटी स्वतः हळूहळू गोल फिरते. खुंटी फिरतेय आणि मान नाही, तर वरचा भाग ठीक आहे, खालची दांडी सुटलीय किंवा खालच्या गिअरचे दात गेलेत, आधी दांडीचा स्क्रू बघा, तो पडलेला असणं अगदी नेहमीचं. खुंटीच फिरत नाही तर वरचा गिअर टकला झालाय किंवा खुंटीचा क्लच घसरतोय. गिअर जुना घेऊन दुकानात जा, दात आणि उंची जुळवून आणा, अंदाजाने आणलेला बसत नाही. दात जातात कशाने? मान फिरत असताना हाताने धरून ठेवणं, फॅन भिंतीला चिकटवून ठेवणं, आणि मागची वायर इतकी ताणलेली की दरवेळी एका टोकाला मान अडते.

बटणाचं तर सर्वात सोपं आहे. एकच स्पीड बंद आणि बाकीचे चालू, तर मोटर जळालेली नाही हे तुमचा फॅनच सांगतोय. प्लग काढून खालचा डबा उघडा, वायरींचा फोटो काढा. समजा १ बंद आहे आणि ३ चालू. स्विचमधून मोटरकडे जाणाऱ्या १ आणि ३ च्या वायरी एकमेकींच्या जागी लावा, टेप मारा, डबा बंद करून चालवा. आता १ चालू आणि ३ बंद झालं तर दोष त्या वायरीत किंवा पुढे वाइंडिंगच्या जोडात आहे. १ अजूनही बंदच तर स्विचचा पॉइंट जळालाय, स्विच तेवढा बदला. सगळेच बंद असतील तर आधी प्लग आणि वायर बघा, ती फॅनमध्ये शिरते तिथेच आतून तुटते. वायर ठीक निघाली आणि वाइंडिंगला चिकटलेला थर्मल फ्यूज उडालेला असेल तर तो शॉर्ट करून फॅन चालू करू नका, तो का तापला ते शोधा, आणि फ्यूज तेवढ्याच डिग्रीचा टाका. वाइंडिंग काळं पडून जळका वास येत असेल तर रिवाइंडिंगचा भाव विचारा, तो नव्या फॅनच्या जवळ जात असेल तरच मेसेजवाल्याचं ऐका.